मुख्याध्यापकांकडे मॅनेज्ड स्विचची मागणी

मॅनेज्ड स्विच आणि केबलिंगसाठी संगणक शिक्षकाने लिहिलेल्या प्रस्तावाची सुरुवात यंत्राच्या गुणवर्णनाने नव्हे, तर शाळेत नेमके काय बंद पडते यापासून व्हावी. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेत कोणी एकाच केबलची दोन्ही टोके साध्या स्विचमध्ये खोचली, तर संदेश गोल फिरत राहतात. सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकतात आणि प्रयोगशाळेबरोबर कार्यालयातील फी-पावत्याही थांबतात. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर तो असे वेटोळे ओळखून एक पोर्ट रोखतो. शिवाय व्हीलॅनमुळे विद्यार्थ्यांचे आणि कार्यालयाचे जाळे वेगळे ठेवता येते. मात्र त्यांच्यात कोणाला ये-जा द्यायची, हे राउटरवर ठरवावे लागते.

मागणी मोजून मांडावी. 40 संगणक, शिक्षकांचा एक, स्विच जोडणारे 2 पोर्ट आणि राउटरकडे जाणारा एक, असे 44 होतात. म्हणून 24 पोर्टचे दोन स्विच पुरतात.

केबलवर काटकसर करणे सर्वांत महागात पडते. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल टाळून शुद्ध तांब्याची कॅट 6 मागावी. तांब्याच्या जोडणीची मर्यादा 100 मीटर असल्याने 120 मीटरवरच्या इमारतीसाठी फायबर लागते. प्रत्येक जोडणीचा चाचणी अहवाल मिळाल्यावरच बिल द्यावे, ही अट पत्रातच असावी.

नव्या स्विचने इंटरनेटचा वेग वाढणार नाही, हेही स्पष्ट लिहावे. सेटिंगची प्रत आणि पासवर्ड कार्यालयात सीलबंद राहतील, अशी तरतूदही करावी.