पाच हजार आज नेऊ का?

किराणा दुकानदाराला हिशेब शिकवायला जाणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. तेल-साखरेचं बिल कधी द्यायचं, कोणाची उधारी बुडीत धरायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. उधारीची वही मोबाइलवर आणणारी खाताबुक, ओकेक्रेडिट ही अ‍ॅपही आता नवी राहिलेली नाहीत. तेव्हा दुकानाच्या खर्चाचं नियोजन करणारं अ‍ॅप त्याला व्हिडिओतून दाखवायचं, तर झालेला हिशेब दाखवून भागत नाही. पुढे काय अडणार आहे ते आज दिसलं, तरच तो दुसऱ्यांदा बघेल.

असे व्हिडिओ बहुधा दीड मिनिटाचे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि गिऱ्हाइकाला वाणसामान देता देता पाहिले जातात. आरामात बोललेल्या मराठीचे मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. पण बोट पडद्यावर फिरत असताना आवाजाला गप्प बसावं लागतं, म्हणून नव्वद सेकंदांच्या पटकथेत सव्वाशेच्या वर शब्द घालू नयेत. कंपनीला मात्र अ‍ॅपमधल्या साऱ्या सोयी हव्या असतात. पटकथा लिहिणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे त्यातल्या बहुतेक कापून एकच प्रश्न उरवणं. माझ्या मते तो प्रश्न असा: गल्ल्यातले पैसे घरी नेले तर चालतील का?

एक उदाहरण रचू. तालुक्याच्या गावातलं दुकान, गाळा स्वतःचा. (भाडं मुद्दाम टाळलं, एक आकडा कमी.) सोमवारी सकाळी गल्ला आणि बँक मिळून १४,२०० रुपये आहेत. बुधवारी होलसेलवाल्याचे ९,५०० द्यायचेत, शुक्रवारी लाईट बिलाचे २,१००. बायको म्हणते, "अहो, क्लासची फी भरायचीय, पाच हजार द्या." दुकानदार अ‍ॅप उघडतो. दोन्ही देणी वजा होऊन पडद्यावर येतं: घरी नेता येतील २,६०० रुपये.

पहिल्या खर्ड्यात हमखास इथेच माती खाल्ली जाते. पुढचं वाक्य लिहिलं जातं, "पाच हजार नेलेत तर बुधवारी बिलाला कमी पडतील." हे ऐकून दुकानदार हसेल. रोजची विक्री सहा हजार असेल, तर बुधवारपर्यंत गल्ल्यात आणखी बारा हजार येणारच. बिल आरामात जाईल. ओढाताण होते ती नंतर. सहा हजारांच्या विक्रीत दहा टक्के सुटतात असं धरलं, तर ६०० त्याचे आणि ५,४०० पुढच्या मालाचे. आज उचललेल्या पाच हजारांतले २,४०० त्या पुढच्या मालाच्या पैशांतून भरले जातात. बुधवारी काही कळत नाही, पण पुढच्या बिलाला "शेठ, दोन दिवस थांबा" म्हणायची वेळ येते आणि ते दोन दिवस मग दर खेपेला पुढे सरकत राहतात.

एवढं सगळं व्हिडिओत सांगायला जागा नाही. पण खोटंही सांगायचं नाही. म्हणून पटकथेच्या दोन रकान्यांत, डावीकडे काय दिसतं आणि उजवीकडे काय ऐकू येतं, ही जागा मी अशी लिहीन:

दिसतं: २,६०० चा आकडा पडदाभर. दुकानदाराचं बोट थांबलेलं.
ऐकू येतं: "पाच हजार आज नेले, तर या बुधवारी अडणार नाही. पुढच्या बिलाला अडेल."

दिसतं: सोमवार ते गुरुवार, रोज ६०० ची भर. शुक्रवारच्या तारखेवर ५,०००.
ऐकू येतं: "अगं, फी शुक्रवारी भरली तर चालेल का?"

चार दिवसांचे २,४०० आणि आधीचे २,६००, मिळून बरोबर पाच हजार. बेरीज जुळलीच पाहिजे, कारण हा प्रेक्षक बेरीज तोंडी करतो आणि चुकलेला रुपया त्याला आधी दिसतो. आकडे पुरते गोल ठेवले तर ते बनावट वाटतात. परदेशी साच्यावरून केलेल्या अ‍ॅपमध्ये १,४२,००० ऐवजी १४२,००० असा स्वल्पविराम पडतो, तोही चित्रीकरणाआधी दुरुस्त करून घ्यावा.

आता खरा अवघड भाग. रोजच्या विक्रीचा आकडा अ‍ॅपला कळतो कसा? यूपीआयचे पैसे फोनवर दिसतात, रोखीचे कोणीतरी लिहायला लागतात. दहा रुपयांचा बिस्किटपुडा गेला आणि दुकानदाराने लगेच नोंद केली, असं दृश्य घातलंत तर पुढचं कोणी बघणार नाही. संध्याकाळी सात वाजता गर्दीत हे कोण करतं? त्याऐवजी दुकान वाढवताना एकदाच गल्ला मोजलेला दाखवावा. गल्ल्यात ३,०५० निघाले. त्यातले ५०० सकाळी ठेवलेले सुट्टे. दिवसभरात दूधवाला, पाववाला, हमाल यांना रोख १,२५० दिले. म्हणजे ३,०५० मधून ५०० वजा, त्यात १,२५० मिळवले, रोख विक्री ३,८००. यूपीआयचे २,२०० धरून सहा हजार. हिशेब तोच, त्याच्या रोजच्या सवयीतला. अ‍ॅप फक्त तीन आकडे मागतं. या दृश्याला वीस सेकंद द्यावेत, कंपनी कुरकुरली तरी. ही नोंद रोज झाली नाही तर २,६०० च्या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि ते लपवलं तर तिसऱ्या दिवशी अ‍ॅप फोनवरून जातं.

चित्रीकरणाची एक गोष्ट पटकथेतच लिहून ठेवावी लागते. ऑफिसातल्या महागड्या फोनवर अ‍ॅप डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडतं. दुकानदाराच्या जुन्या, भरलेल्या फोनवर वेळ लागतो. व्हिडिओ त्याच्यासारख्या फोनवरच टिपावा. सगळा पडदा दाखवला तर आकडे मुंगीएवढे होतात, म्हणून जो आकडा बोलला जातोय तेवढाच मोठा करावा. दुकानात आवाज बंद ठेवूनच पाहिलं जातं, तेव्हा मोठ्या अक्षरांत ओळी खाली हव्यातच. उधारीची यादी दाखवताना खऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर चुकूनही येऊ नयेत. गावात ती लगेच ओळखली जातात.

"महिन्याला पाच हजार वाचवा" अशी ओळ शेवटी चिकटवायचा आग्रह होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा हा दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो. मराठीत दावा आणि कोपऱ्यात इंग्रजी बारीक टीप, हे चालत नाही. तसंही आपल्या गोष्टीत एक रुपयाही वाचलेला नाही. फी चार दिवस पुढे गेली, एवढंच झालं. अ‍ॅप तेवढंच करतं, तेव्हा तेवढंच म्हणावं.

पटकथा मंजूर झाली की चित्रीकरणाआधी ती कागदावरच्या चित्रांसह एखाद्या दुकानदाराला दाखवावी, ऑफिसात बोलावून नव्हे, त्याच्या काउंटरवर. मधेच गिऱ्हाईक येईल, तो अर्धा किलो पोहे देईल आणि परत वळेल. परतल्यावर त्याने "हे सव्वीसशे कुठून आले?" असं विचारलं, तर वजाबाकीचं दृश्य लांबवायला हवं. आणि "उधारी यातच धरली का?" असं विचारलं, तर त्याचा प्रश्न रास्त आहे. धरलेली नाही, कारण येणारी उधारी हातात पडेपर्यंत पैसा नसते. एवढं वाक्य २,६०० च्या आकड्याखाली घालायला पाच सेकंद काढावे लागतील. मी ते शेवटच्या बोधचिन्हातून काढीन.