फोनची बॅटरी गळते कुठे? तीन रात्रींची परीक्षा



गेल्या महिन्यात आमच्या काटेवाडीच्या गटाची बैठक वस्तीवर होती. हप्ता भरायचा होता. बँकेचा ओटीपी येतो सचिवताईंच्या फोनवर, आणि दुपारी तीनलाच ताईंचा फोन बंद पडलेला. सकाळी सातला पूर्ण चार्ज करून निघालेल्या. वस्तीवर त्या वेळी लाईट नव्हती, म्हणून हप्ता एक दिवस लांबला आणि घरोघरी पुन्हा निरोप धाडावे लागले. ताई वैतागून म्हणाल्या, "बॅटरीच गेली. उद्या बारामतीला जाते आणि नवी बसवून आणते." आम्ही म्हटलं, तीन रात्री थांबा. आधी कळू तर द्या, बॅटरी खराब आहे की कुठे गळती आहे.

आधी एक हिशेब सांगतो. आपल्या फोनवर ५००० एमएएच असा आकडा असतो आणि तो मोठा वाटतो. पण त्यात वीज असते ती घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब जेमतेम दोन तास चालेल इतकीच. एवढ्याशा विजेवर फोन दिवसभर चालतो, कारण खिशात पडलेला फोन बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याला झोपू दिलं नाही की बॅटरी उतरते. आपण पडद्याकडे बघत असतो तेव्हा तो जागा राहणारच. पण आपण झोपल्यावरही तो जागा असेल, तर तिथं शोधायला हवं. पाण्याच्या टाकीचं आपण असंच करतो ना? सगळे नळ बंद करायचे आणि सकाळी पाणी किती उतरलं ते बघायचं.

परीक्षा अशी. रात्री दहाला फोन साधारण ८० टक्के असू द्या. शंभरवरून सुरुवात करू नका, कारण पुष्कळ फोनांत शंभरचा आकडा बराच वेळ हलत नाही आणि हिशेब चुकतो. आकडा वहीत लिहा, फोन नेहमीच्या जागी ठेवा आणि सकाळी सहापर्यंत हात लावू नका. उठल्यावर परत आकडा लिहा. पहिल्या रात्री फोन रोजच्यासारखा चालू ठेवायचा. दुसऱ्या रात्री फ्लाइट मोड लावायचा आणि वायफायही बंद आहे ना ते बघायचं. तिसऱ्या रात्री फ्लाइट मोड काढायचा, रेंज चालू ठेवायची, फक्त मोबाईल डेटा बंद करायचा. दुसऱ्या रात्री कुणाचाही फोन लागणार नाही, म्हणून घरात कुणी आजारी असेल किंवा माणूस रात्रीच्या प्रवासात असेल तर ती रात्र टाळा. अलार्म मात्र वाजतो.

पहिल्या रात्री आठ तासांत चार-पाच टक्के उतरले तर काळजी नको. पंधरा-वीस उतरले तर पुढच्या दोन रात्री कारण सांगतात.

सचिवताईंच्या वहीत असं आलं: पहिली रात्र, ८० वरून ६१. दुसरी, ८० वरून ७८. तिसरी, ८० वरून ७५. फ्लाइट मोडमध्ये दोनच टक्के उतरले, म्हणजे बॅटरी स्वतःहून गळत नव्हती. नुसत्या रेंजनं पाच उतरले, तेही ठीक. डेटा चालू असला की मात्र एकोणीस. म्हणजे चौदा टक्के रात्रीत इंटरनेटच्या कामावर जात होते, आणि ताई तर झोपलेल्या.

मग आम्ही सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी युसेज उघडलं. काही फोनांत नाव थोडं वेगळं असतं, पण बॅटरीच्या पानावर अ‍ॅपची यादी असतेच. नुसती टक्केवारी बघून तिथं थांबू नका. अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवलं की ते पडद्यावर किती वेळ होतं आणि मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, किती वेळ चालत होतं, हे वेगळं दिसतं. पडद्यावर दोन तास बघितलं असेल तर तो आपलाच खर्च. पडद्यावर पाच मिनिटं आणि मागे चार तास असं दिसलं, तर ती गळती. ताईंच्या फोनात वर होतं व्हॉट्सअ‍ॅप, आणि त्याखाली छोटे व्हिडिओ दाखवणारं एक अ‍ॅप. ते नातवानं टाकलेलं. ताईंनी एकदाही उघडलं नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं कारण सोपं निघालं. ताई तेवीस ग्रुपमध्ये. प्रत्येक ग्रुपवरचा प्रत्येक फोटो, भजनाचा प्रत्येक व्हिडिओ फोन आपोआप उतरवून घेत होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मीडिया ऑटो-डाउनलोड असतं. तिथं मोबाईल डेटासमोरच्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढल्या. यानं लगेच काही हरवत नाही. फोटो धूसर दिसतो, हवा असेल तर त्यावर बोट ठेवायचं, मग उतरतो. व्हिडिओचं अ‍ॅप काढूनच टाकलं. ठेवायचंच असतं, तर अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीसमोर रिस्ट्रिक्टेड निवडलं असतं, म्हणजे ते मागे चालत नाही. पण हे व्हॉट्सअ‍ॅपला लावू नका, मेसेज उशिरा येतील. चौथ्या रात्री ८० वरून ७४. बॅटरी तीच.

दुसऱ्या एका ताईंचं उत्तर वेगळं आलं, म्हणून तेही सांगतो. त्या उसाच्या रानात पत्र्याच्या घरात राहतात. त्यांची पहिली रात्र ८० वरून ५८, फ्लाइट मोडची ८० वरून ७८, आणि डेटा बंद ठेवलेली ८० वरून ६०. डेटा बंद करून फरकच पडला नाही. याचा अर्थ अ‍ॅपचा दोष नाही, फोन टॉवरशी झगडत होता.

टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. टॉवर लांब असला, किंवा मध्ये पत्रा नाहीतर जाड भिंत आली, की त्याला ओरडून बोलावं लागतं. त्या ओरडण्याला कितीतरी पट वीज लागते. रेंज पुरती गेली तर तो दर थोड्या वेळानं टॉवर शोधत राहतो. या ताईंच्या फोनात दोन सिम. दुसरं माहेरच्या नंबरचं, आणि त्या कंपनीची रेंज त्यांच्या घरात येतच नाही. ते सिम रात्रभर टॉवर शोधत होतं. नंबर सोडायचा नव्हता, आणि सोडायची गरजही नव्हती. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर ते सिम बंद करायचं बटण असतं. गावठाणात आल्यावर चालू करायचं, घरी गेल्यावर बंद. शिवाय फोन फाइव्ह-जी आणि फोर-जी यांच्यात सारखा ये-जा करत होता. प्रिफर्ड नेटवर्क टाइपमध्ये जाऊन फोर-जी ठरवून दिलं. आणि लोखंडी पेटीवर ठेवायचा फोन खिडकीत आला. त्यानंतर ८० वरून ७२. चार-पाचवर काही आलं नाही आणि येणारही नाही, कारण टॉवर आहे तिथंच आहे. पण दुपारी बंद पडणारा फोन आता रात्रीपर्यंत टिकतो.

हेच आपल्याकडे पालखीच्या दिवशी होतं, तेही अगदी रेंजच्या काड्या भरलेल्या असताना. तुकोबांची पालखी काटेवाडीत आली, धोतरांच्या पायघड्या पडल्या, मेंढ्यांचं रिंगण सुरू झालं, की हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ धाडायला लागतात. टॉवरवर गर्दी होते, व्हिडिओ अडकतो, फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतो. वर उन्हात पडदा लख्ख, कॅमेरा चालू. दोन तासांत फोन निम्मा होतो, आणि मग गर्दीत चुकलेल्या सासूबाईंना फोन करायला चार्जिंग उरत नाही. व्हिडिओ खुशाल काढा, पण डेटा बंद ठेवा. धाडायचं काम रात्री घरी.

पडद्याचं लगेच सांगून टाकतो, कारण दिवसा सगळ्यांत जास्त वीज बहुधा तोच खातो. ब्राइटनेस ऑटोवर असेल तर उन्हात तो आपोआप सगळ्यात वर जातो. बोलायचं असेल तर सावलीत उभ्या राहा. पडदा किती वेळानं विझतो ते बघा. कुणीतरी दहा मिनिटं करून ठेवलेलं असतं, ते तीस सेकंद करा. डार्क मोड सगळ्यांना उपयोगाचा नाही. अ‍ॅमोलेड पडद्यात काळा भाग खरोखर विझलेला असतो, म्हणून तिथं वीज वाचते. स्वस्त फोनांत बहुतेक एलसीडी असतो, त्याच्या मागचा दिवा काळ्या चित्रामागेही जळतच असतो.

आणि एक सवय सोडा. पुष्कळ जणी दर अर्ध्या तासानं उघडलेली अ‍ॅप बोटानं झटकून टाकतात. मागे शांत पडलेलं अ‍ॅप जवळपास काही खात नाही, आणि झटकलेलं पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त वीज लागते. बॅटरी वाचवणारं म्हणून जे अ‍ॅप जाहिरातीत दिसतं तेही घेऊ नका, ते स्वतःच मागे चालत राहतं आणि जाहिराती दाखवतं. फोनातला स्वतःचा बॅटरी सेव्हर मात्र खरा आहे. तो मागची कामं थांबवतो. लाईट नसलेल्या दिवशी सकाळपासूनच लावा, पंधरा टक्के उरल्यावर नको.

आता ज्यांचा फोन फ्लाइट मोडमध्येही दहा-पंधरा टक्के उतरला, त्यांनी फोन एकदा बंद करून चालू करावा आणि ती रात्र परत घ्यावी. पुन्हा तेच आलं, किंवा फोन ३० टक्के दाखवून एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी बहुधा म्हातारी झाली आहे. तिथं सेटिंगचा उपयोग नाही, पैसे खर्चावेच लागतील. बॅटरीचं वय वाढवते ती उष्णता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. अशा वेळी पत्र्याखाली, उशीखाली किंवा चुलीजवळ फोन चार्जिंगला लावला की त्याचं आयुष्य घटतं. कव्हर काढून, सावलीत, फरशीवर ठेवून चार्ज करा.

फोनची पाठ फुगली असेल, पडदा कडेनं उचलला असेल, तर मात्र परीक्षा वगैरे काही करू नका. चार्जर लगेच काढा, फोन बंद करा आणि लेकरांपासून लांब ठेवा. पाठ दाबून बसवू नका, सुईनं टोचू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. दुकानातून बदलून घ्या आणि जुनी तिथंच द्या, उकिरड्यावर टाकू नका.