उंबरठ्याच्या आतला हक्क

सासरी छळलेल्या वा घराबाहेर पडलेल्या स्त्रीला आसरा देण्याची पुणे शहराची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८९० साली आपले शारदासदन मुंबईहून येथे आणले, १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाचे कार्य उभे राहिले. या संस्थांनी प्रामुख्याने विधवांना आणि निराधार स्त्रियांना विद्या दिली, व्यवसाय दिला व पायांवर उभे केले. परंतु त्या सर्वांचा मार्ग घराबाहेर जाणारा होता. ज्या घरातून ती बाहेर पडली, त्या घरावर तिचा काही अधिकार उरतो काय, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे कायद्याने सरळपणे हाती घेतला नाही.

त्याने जे हाती घेतले ते पोटगीचे प्रकरण. १९५६ च्या कायद्याने हिंदू पत्नीला विशिष्ट कारणांसाठी वेगळे राहून निर्वाहखर्च मागण्याची मुभा दिली. फौजदारी न्यायालयातील पोटगीला मात्र २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि तेवढ्या रकमेत पुण्यात खोली मिळणे केव्हाच संपले होते. १९८२ साली विद्या बाळ यांनी नारी समता मंच स्थापन करून विवाहितांच्या छळाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले. १९८९ साली पुण्यात कौटुंबिक न्यायालय सुरू झाले. तरीही फिर्याद नोंदवून, कदाचित नवऱ्याला अटक झालेली पाहून, ती स्त्री चौकीतून बाहेर पडली म्हणजे त्याच रात्री तिने कोणत्या छपराखाली निजावयाचे याचे उत्तर दंडसंहितेजवळ नव्हते. शिक्षा करणारा कायदा गुन्हेगाराकडे पाहतो. घर, चूल, मुलांची शाळा यांकडे पाहण्याचे त्याचे काम नव्हे.

हे काम २६ ऑक्टोबर २००६ रोजी अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाने अंगावर घेतले. त्याची मोठी कल्पना म्हणजे ‘सामायिक घर’: जेथे स्त्री कौटुंबिक नात्याने राहते वा राहिली आहे, ते घर; त्यावर तिचे नाव असो वा नसो, मिळकत मालकीची असो वा भाड्याची. कलम १७ म्हणते की अशा घरात राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून तिला तेथून काढता येणार नाही. म्हणजे हा मालकीहक्क नव्हे, राहण्याचा हक्क होय, आणि हा भेद ज्याच्या ध्यानात राहिला नाही त्याला पुढचा सारा इतिहास दुर्बोध वाटेल.

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात या कल्पनेला पुष्कळ आखडून टाकले. घर सासूच्या नावावर होते. न्यायालयाने ठरविले की पतीच्या मालकीचे, पतीने भाड्याने घेतलेले, अथवा पती ज्याचा सभासद आहे अशा एकत्र कुटुंबाचे घर तेवढेच सामायिक घर. अन्यथा नवऱ्याच्या नातलगाच्या ज्या ज्या घरी जोडपे राहिले, त्या सर्वांवर सून हक्क सांगेल आणि गोंधळ माजेल, ही भीती त्यामागे होती. भीती निराधार म्हणता येणार नाही. पण तिच्यावर काढलेला उपाय मध्यमवर्गीय पुण्याच्या मुळावर आला, कारण कोथरूड किंवा सहकारनगर येथील सदनिका बहुधा सासऱ्याच्या नावे, पेठेतील वाड्यातली खोली आजेसासऱ्याच्या नावे, आणि तरुण नवऱ्याच्या नावे बँकेचे खातेपुस्तक. सासरा वर्तमानपत्रात मुलाला बेदखल केल्याची जाहीर नोटीस देई, मुलगा बाणेरला भाड्याने राहावयास जाई, आणि सुनेविरुद्ध कब्जाचा दावा दाखल होई. कायदा तोच, पण एका नावाच्या फरकाने त्यातील जीव निघून जाई.

ही अवस्था सुमारे १४ वर्षे चालली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बत्रा निर्णय चुकीचा ठरविला. दिल्लीतील ते घर १९८३ साली सासऱ्याने खरेदी केले होते, आणि २०१७ साली त्याने सुनेला काढण्यासाठी दावा आणला. तोपर्यंत तिने दंडाधिकाऱ्याकडून अंतरिम संरक्षण मिळविले होते. खालच्या न्यायालयाने केवळ मालकी कबूल आहे एवढ्यावर हुकूमनामा दिला, तो टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नातलगाच्या मालकीचे घरही सामायिक घर होऊ शकते, मात्र तेथील वास्तव्य स्थायी स्वरूपाच्या हेतूने झालेले असले पाहिजे. चार दिवस पाहुणी म्हणून राहिलेले मामेसासऱ्याचे घर त्यात येत नाही. बत्रा निर्णयातली भीती अशा रीतीने शमविण्यात आली, आणि तीही कायद्याचा अर्थ न आखडता.

आता हे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. कोथरूडची एक सून, लग्नाला नऊ वर्षे, एक मूल; सदनिका सासूच्या नावे. ती मुलाला शाळेतून घेऊन येते तो लॅच बदललेला. किल्ली फिरत नाही, आतून कोणी बोलत नाही, आणि शेजारच्या वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यात उभ्या. ती संरक्षण अधिकाऱ्याकडे जाते. तेथे विहित नमुन्यात कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार होतो, आणि कलम १२ खालील अर्ज शिवाजीनगर न्यायालयात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातो. तात्पुरती माहेरी साताऱ्यास गेली असेल, तर अर्ज तेथेही करता येतो. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत पडावी असे कायदा म्हणतो, आणि प्रतिज्ञापत्र पाहून दंडाधिकारी दुसऱ्या पक्षाची कैफियत येण्यापूर्वीही एकतर्फी अंतरिम हुकूम देऊ शकतो. येथेच वकिलाची परीक्षा होते: अर्जात मारहाणीची वर्णने पानेच्या पाने असतात, पण ती त्या घरात किती वर्षे व कशा रीतीने राहिली याचा पुरावा नसतो. शिधापत्रिका, गॅसचे पुस्तक, मुलाच्या शाळेतील पत्ता, सोसायटीची नोंद आणि त्या जिन्यातल्या वहिनींचे प्रतिज्ञापत्र, हे कागद सामायिक घर सिद्ध करतात. ते नसतील तर सासू म्हणते की ही येथे कधी राहिलीच नाही.

हुकूम मिळाला तरी त्याला मर्यादा आहेत. सासूला स्वतःच्या घरातून बाहेर काढण्याचा हुकूम देता येत नाही, कारण स्त्रीविरुद्ध असा हुकूम देण्यास कलम १९ चीच मनाई आहे. नवऱ्याला बाहेर काढता येते, घराची विक्री वा बक्षीसपत्र थांबविता येते, किंवा तशाच दर्जाचे दुसरे घर वा त्याचे भाडे देण्यास नवऱ्याला भाग पाडता येते. आहुजा निर्णयानेही वृद्ध सासूसासऱ्यांच्या शांत जीवनाचा अधिकार नाकारलेला नाही, आणि माझ्या मते तो नाकारू नयेच. त्याच वर्षी १५ डिसेंबरला वनिता प्रकरणात न्यायालयाने सांगितले की ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालील अर्जाचा उपयोग सुनेचा निवासाचा हक्क गुपचूप मोडण्यासाठी करता येणार नाही. दोन्ही हक्क एकत्र तोलावे लागतील. पूर्वी बेदखल नोटिशीने जे साधले जाई, ते आता प्रांताधिकाऱ्यापुढच्या अर्जाने साधू पाहणाऱ्यांना ही अडचण पडली आहे.

हा अर्ज फौजदारी न्यायालयात चालतो, तरी दाद दिवाणी स्वरूपाची आहे, हे सासरच्या मंडळींना पटविणे कठीण जाते. शिक्षेची वेळ येते ती हुकूम मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून हुकूम हाती पडताच त्याची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच घ्यावी, कारण लॅच पुन्हा बदलला तर चौकीवरचा शिपाई प्रथम तो कागद मागतो. साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याची अपेक्षा कलमात असली तरी तारखा पुढे पडत जातात, आणि त्या काळात तिच्याजवळ खरोखर असतो तो अंतरिम हुकूम, मुलाचे दप्तर आणि नव्या लॅचची, न्यायालयाच्या हुकुमाने मिळालेली, दुसरी किल्ली.