रविवार म्हणजे सरकवलेला शनिवार नव्हे

ज्यू लोक शनिवारी शब्बाथ पाळतात आणि ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेला जमतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा त्यापुढे सुरू होतो. मुळात पवित्र दिवस एकच होता आणि तो कोणीतरी शनिवारवरून रविवारवर नेला, असे आपण धरून चालतो. मग हे कोणी केले याची उत्तरे निघतात. कोणी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचे नाव घेतो, कोणी पोपचे, कोणी निकेयाच्या धर्मपरिषदेचे. पण शब्बाथ कोणी हलवलेलाच नाही. तो होता तिथेच, शनिवारी आहे. रविवार हा वेगळ्या कारणासाठी वेगळा धरलेला दिवस आहे, आणि पहिली सुमारे तीनशे वर्षे तो सुट्टीचा दिवससुद्धा नव्हता.

गैरसमज : ख्रिस्ती शब्बाथ म्हणजे रविवार

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर सुटतो. त्याचा गाभा विश्रांती हा आहे : सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून देव सातव्या दिवशी थांबला, म्हणून माणसानेही थांबायचे, घरच्या नोकराचाकरांनी आणि गुराढोरांनीही थांबायचे. महाराष्ट्राला हा दिवस नवा नाही. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा धर्म कोणता हे आजूबाजूच्यांना नीटसे कळलेले नव्हते, पण सातव्या दिवशी घाणा फिरत नाही हे मात्र दिसत होते.

रविवारचा पाया दुसराच आहे. शुभवर्तमानांतल्या कथेनुसार येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवले गेले. संध्याकाळी शब्बाथ लागणार म्हणून त्याचे शव घाईने जवळच्या कबरीत ठेवले गेले. त्याच्यासोबत गालीलहून आलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली, पण शब्बाथभर त्या नियमाप्रमाणे थांबून राहिल्या. शब्बाथ सरल्यावर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे, त्या कबरीकडे गेल्या आणि कबर रिकामी दिसली. चारही शुभवर्तमाने हा पहिला दिवस न चुकता सांगतात. म्हणजे रविवार मोजलाच गेला तो शब्बाथावरून. त्या स्त्रिया शब्बाथ पाळणाऱ्या नसत्या, तर त्या आधीच कबरीवर गेल्या असत्या. नाते आहे ते असे : रविवार शब्बाथाच्या जागी आलेला नाही, तो शब्बाथानंतर येतो.

ही जाणीव जुन्या ख्रिस्ती लेखनात पक्की आहे. दुसऱ्या शतकातली बर्नबाच्या नावाने ओळखली जाणारी पत्रिका या दिवसाला आठवा दिवस म्हणते. सात दिवसांत जुनी सृष्टी पुरी झाली, आठव्याला नवी सुरू झाली, असा हा हिशेब. पुढे अनेक ठिकाणी बाप्तिस्म्याची जागा आठ कोनांची बांधली गेली. रोममधल्या लॅटरनचे बाप्तिस्मागृह आजही तसेच उभे आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. शब्बाथ सोडा आणि रविवार धरा, अशी आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. येशूने ती दिलेली नाही, पौलानेही नाही. तिथे दिसतात त्या फक्त खुणा : करिंथच्या मंडळीला पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढायला सांगतो, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात प्रभूच्या दिवसाचा उल्लेख येतो. ही आज्ञेतून नव्हे, वहिवाटीतून उभी राहिलेली गोष्ट आहे.

गैरसमज : कॉन्स्टंटाइनने रविवार सुरू केला

ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आहे, आणि ती खोडणारा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

इसवी सन 112 च्या सुमारास धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी आजच्या उत्तर तुर्कस्तानातून सम्राट ट्रेजनला पत्र लिहितो. ख्रिस्ती लोकांची त्याने चौकशी केली होती. ठरलेल्या एका दिवशी, उजाडण्याआधी, ते एकत्र जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तवन करतात, असे त्याला कळले. तो वाराचे नाव देत नाही. पण उजाडण्याआधी ही वेळ पुष्कळ सांगून जाते. या लोकांत गुलाम होते, मजूर होते. उजाडले की त्यांना कामावर हजर व्हावे लागे.

वाराचे नाव आणि सगळा विधी मिळतो तो जस्टिनकडून. पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेला हा तत्त्वज्ञ रोममध्ये शिकवत असे, आणि 155 च्या सुमारास त्याने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. वाचक ख्रिस्ती नाही हे धरून तो बाहेरच्या माणसाला कळेल असे सांगतो. सूर्याच्या नावाच्या दिवशी शहरातले आणि खेड्यांतले लोक एका जागी येतात. वेळ असेल तितका प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात. मग पुढारी बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस आणला जातो, आभार मानले जातात, लोक आमेन म्हणतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक प्रसाद पोहोचवतात. ऐपतदार लोक मनाला येईल ते देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांची सोय होते.

हाच दिवस का, याची जस्टिन दोन कारणे देतो. या पहिल्या दिवशी देवाने अंधार पालटून जग घडवायला घेतले, आणि याच दिवशी येशू मरणातून उठला. काम बंद ठेवण्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आजच्या मिस्साला जाणाऱ्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, आणि ते कॉन्स्टंटाइनच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे आहे.

मग कॉन्स्टंटाइनने केले काय? 7 मार्च 321 रोजी त्याने कायदा केला की सूर्याच्या आदरणीय दिवशी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि सर्व कारागिरांनी विश्रांती घ्यावी. खेड्यातल्या शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक ठेवली. पेरणीला आणि द्राक्षवेली लावायला अनुकूल दिवस हातचा जाऊ नये म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने या दिवशी गुलामांना मुक्त करण्याची कायदेशीर कामे चालू ठेवायला परवानगी दिली. पहिल्या कायद्यात ख्रिस्ताचे नाव नाही आणि शब्बाथाचेही नाही. उपासना आधीपासून चालू होती. कॉन्स्टंटाइनने तिला सुट्टी जोडली.

निकेयाच्या परिषदेचे नाव घेतले जाते ते ईस्टरमुळे. आशिया मायनरमधल्या काही मंडळ्या पुनरुत्थानाचा वार्षिक सण ज्यू पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, वार कोणताही असो, पाळत. 325 च्या परिषदेने ईस्टर सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. साप्ताहिक रविवारवर तिथे वाद नव्हता. रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी, एवढाच नियम परिषदेने त्याबाबत केला.

गैरसमज : हा मुळात सूर्यपूजेचा दिवस

दिवसाचे नाव सूर्याचे आहे, म्हणून ही शंका येते. पण ग्रहांच्या नावांचा रोमन आठवडा शनीपासून सुरू होई. पाँपेईच्या भिंतींवर खरडलेल्या वारांच्या याद्याही शनीपासूनच सुरू होतात. त्या याद्यांत सूर्याचा दिवस दुसरा येतो. ख्रिस्ती मंडळी मात्र त्याला पहिला म्हणत होती, कारण त्यांची मोजणी ज्यू आठवड्याची होती. दिवस रोमनांकडून घेतला असता, तर हा क्रमांक जुळला नसता.

गैरसमज : ख्रिस्ती लोकांनी शनिवार एका फटक्यात सोडला

पहिले ख्रिस्ती ज्यूच होते. पौल शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो, हे प्रेषितांच्या कृत्यांत पुन्हा पुन्हा येते. जस्टिनने ट्रायफो नावाच्या ज्यूशी झालेला संवाद लिहिला आहे. ट्रायफो त्याला विचारतो, देवाला मानता तर शब्बाथ का पाळत नाही? त्याच संवादात जस्टिन कबूल करतो की काही ख्रिस्ती तो पाळतात. इतरांवर सक्ती करत नसतील तर तो त्यांना आपलेच मानतो. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या लाओदिकेया इथल्या परिषदेने ख्रिस्ती लोकांनी शब्बाथाला काम थांबवू नये असा नियम केला. हा नियम शनिवार रद्द केल्याचा दाखला म्हणून पुढे केला जातो. मला तो उलट वाटतो : लोक पाळत होते म्हणून तर मनाई करावी लागली. इथिओपियातली प्राचीन मंडळी आजही शनिवार आणि रविवार दोन्हींना मान देते.

रविवारालाच शब्बाथाचे सगळे नियम लावण्याचा आग्रह पुष्कळ उशिरा आला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस स्पष्ट लिहितो की रविवार शब्बाथाच्या आज्ञेने नव्हे, तर ख्रिस्तसभेच्या नियमाने आणि लोकांच्या वहिवाटीने पाळला जातो. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी मात्र रविवारालाच शब्बाथ ठरवून त्या दिवशी खेळ आणि करमणूकही निषिद्ध मानली. रविवार म्हणजे ख्रिस्ती शब्बाथ ही बोली मिशनऱ्यांच्या इंग्रजीतून आपल्याकडे पोहोचली.

सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे म्हणणे असे की आज्ञा सातव्या दिवसाची आहे, तर सातवाच पाळावा. पुण्यातले स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. त्यांचा युक्तिवाद प्युरिटनांना नेमका लागू पडतो, जस्टिनला पडत नाही, कारण तो रविवाराला शब्बाथ म्हणतच नव्हता. याच पंथाचे अभ्यासक सॅम्युएले बाक्कियोक्की यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रविवारचा उगम दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये शोधला, कॉन्स्टंटाइनपाशी नाही. उगम रोममध्ये की त्याआधी यरुशलेमात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो चौथ्या शतकाच्या फार आधीचा आहे, यावर नाहीत.

राहता राहिली शनिवारी संध्याकाळची मिस्सा. वसईत आणि गोव्यात ती नेहमीची झाली आहे, आणि कॅथलिक पुन्हा शनिवारकडे वळले की काय असे कोणी विचारते. 1967 च्या रोमच्या सूचनेनंतर ही सवलत सर्वत्र रुळली, आणि 1983 च्या धर्मनियमांत ती कायम झाली. तिथे साजरा होतो तो रविवारच. दिवस मावळतीला बदलतो हा ज्यूंचा हिशेब सणावारांसाठी ख्रिस्ती उपासनेने कधी टाकला नव्हता. त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत पेंगणारा युतुख तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ती आठवड्याच्या पहिल्या दिवसाची रात्र होती. ज्यू मोजणी धरली तर ती आपल्या शनिवारची रात्र ठरते आणि रोमन मोजणी धरली तर रविवारची. पहिली मोजणी मानणाऱ्या अभ्यासकांच्या मते सुरुवातीची रविवारची सभा अशीच भरत असे : दिवसभर शब्बाथ पाळायचा आणि तो सुटताच, अंधार पडल्यावर, भाकर मोडायला जमायचे.