आजी दूर असताना: जर्मनीतल्या मराठी घरातल्या बाळाच्या रात्री

पहिले काही आठवडे बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. झोपेचे घड्याळ त्याच्या शरीरात अजून चालू व्हायचे असते, पोट लहान असते आणि दूध लवकर पचते, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी ते भुकेने उठते. एकूण झोप मात्र कमी नसते. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक बाळे दिवसाचे 14 ते 17 तास झोपतात, पण ती झोप तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास रात्रीचा तुकडा हळूहळू लांबू लागतो. रडण्याचीही अशीच चाल असते: ते साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते, संध्याकाळी जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. म्हणजे रात्री मोडणे हा बाळाचा दोष नव्हे आणि आईच्या दुधाची उणीवही नव्हे. प्रश्न असतो तो त्या तीन-चार महिन्यांत घरातली मोठी माणसे कशी तगतात हा.

महाराष्ट्रात बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तिथे पहाटे आजी बाळाला उचलते, दुपारी मावशी पाळण्याची दोरी धरते, मालिशवाली बाई सकाळी येऊन जाते आणि बाळंतीण मध्येच दोन तास निवांत झोपते. म्युनिक किंवा फ्रँकफर्टच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तेच काम नवरा-बायको दोघांवर येते, आणि त्यातल्या एकाला सकाळी ऑफिस असते. अशा घरांत बहुतेकदा एक चूक होते: दोघेही रात्रभर जागतात. बाळ रडले की एक दूध पाजतो, दुसरा शेजारी बसून राहतो, आणि सकाळी दोघेही सारखेच थकलेले असतात. झोपेची वाटणी करायची तर एक जण जागा असताना दुसऱ्याने खरोखर झोपायला हवे.

सलग चार-पाच तासांची झोप आणि चार वेळा मोडलेली तेवढीच झोप यांत शरीराला फार मोठा फरक जाणवतो. म्हणून प्रत्येकाला रोज असा एक अखंड तुकडा मिळवून देणे हे रात्रीच्या आखणीचे मुख्य सूत्र आहे. स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले चार-सहा आठवडे, आईला रात्रीही पाजावे लागते. तेव्हा वडिलांनी बाळाला उचलून आणणे, पाजून झाले की ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे एवढे सगळे आपल्याकडे घेतले तर आईला प्रत्येक खेपेला अर्धा तास तरी वाचतो. पुढे दूध काढून फ्रीजमध्ये ठेवता आले की पाळी लावता येते. आई साडेआठला पाजून झोपते आणि एक वाजेपर्यंत उठत नाही. वडील बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसतात, अकराच्या सुमारास बाटलीने पाजतात आणि एकला बाळ आईकडे देऊन सकाळी सहापर्यंत झोपतात. आईची छाती दाटून दुखू लागली तर मध्ये एकदा दूध काढावे किंवा पाळी थोडी लहान करावी. एक धोका मात्र या पाळीत खरा आहे. बाळ छातीवर घेऊन सोफ्यावर बसलेल्या थकलेल्या माणसाला डुलकी लागणे फार सोपे असते, आणि सोफ्यावर मोठ्या माणसासोबत झोपणे हा बाळाच्या गुदमरण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट प्रसंग आहे. डोळे मिटू लागले की बाळाला त्याच्या पलंगात ठेवावे, मग ते रडले तरी चालेल.

बाळाचा पलंग आईवडिलांच्या खोलीत पण वेगळा असावा, गादी सपाट आणि घट्ट असावी, बाळाला पाठीवर झोपवावे आणि पलंगात दुसरे काहीही नसावे. डोके गोल व्हावे म्हणून भारतातून आलेली मोहरीची उशी इथे बाजूलाच ठेवलेली बरी. गोधडीऐवजी जर्मनीत बिनबाह्यांची झोपायची पिशवी वापरतात. ती खांद्यावर अडकते, त्यामुळे तोंडावर येत नाही. खोलीचे तापमान 16 ते 18 अंश ठेवायला सांगितले जाते, ते मराठी आजीला फारच थंड वाटते आणि मग कुंची, स्वेटर आणि वर दुपटे असा थर चढतो. बाळाला थंडी वाजते की उकडते हे हातपाय चाचपून कळत नाही, कारण ते गारच असतात. मानेखाली दोन खांद्यांच्या मध्ये बोट घालून पाहावे: तिथे ऊब असावी, घाम नसावा. धुरीचा विषयही इथेच निघतो. जर्मन घरांच्या शयनखोलीत धुराचा अलार्म बसवणे बंधनकारक आहे आणि धूर बाळाच्या फुफ्फुसाला चांगला नाही, म्हणून ती प्रथा सोडून द्यावी. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून चाटवणेही तसेच. पहिल्या सहा महिन्यांत दुधाशिवाय काही लागत नाही, आणि जायफळ जास्त झाले तर ते विषारी ठरते.

आजीची जागा पूर्ण भरून काढणारे जर्मनीत कोणी नाही, पण तिच्या कामाचा एक मोठा भाग उचलणारी एक व्यक्ती आहे. तिला हेबामे म्हणतात. ही प्रशिक्षित सुईण बाळंतपणानंतर घरी येते: पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोज, नंतर बाळ बारा आठवड्यांचे होईपर्यंत अधूनमधून. सरकारी आरोग्यविमा असेल तर याचे पैसे विमा भरतो. ती बाळाचे वजन करते, बेंबी पाहते, पाजताना बाळ नीट धरले आहे का ते पाहते आणि आईचे टाकेही तपासते. रात्रीच्या दृष्टीने तिचा उपयोग असा की दूध पुरते आहे की नाही हा पहाटे तीनला सतावणारा प्रश्न ती वजनाच्या काट्यावर सोडवून टाकते. अडचण एकच आहे. मोठ्या शहरांत हेबामे कमी आहेत. गरोदरपण कळल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच फोन करायला सुरुवात केली नाही तर पुढे मिळणे कठीण जाते. मराठी जोडपी नेमकी इथे उशीर करतात, कारण तिसरा महिना उलटेपर्यंत बातमी कोणाला सांगायची नाही असे त्यांच्या मनात असते.

आजी येते तेव्हा ती पर्यटकाच्या व्हिसावर येते, आणि शेंगेन देशांचा नियम असा की 180 दिवसांच्या कोणत्याही काळात 90 दिवसच राहता येते. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. म्हणून हे 90 दिवस कुठे खर्चायचे हे आधी ठरवावे लागते. एक उदाहरण घेऊ. बाळ 24 ऑक्टोबरला जन्मले आणि आईची आई 26 ऑक्टोबरला पोहोचली. तिचा नव्वदावा दिवस 23 जानेवारीला येतो. बाळंतपणाच्या महिनाभर आधी तिला बोलावले असते तर रडणे ओसरण्याआधीच तिला परतावे लागले असते. आता ती सहाव्या आठवड्याचा सर्वांत अवघड काळ ओलांडून जाते. जाण्याच्या दुसऱ्या दिवशी घर अचानक रिकामे होऊ नये म्हणून वडिलांची रजा तिथे जोडता येते. जर्मनीत पालकरजेला एल्टर्नझाइट म्हणतात आणि त्या काळात मिळणाऱ्या भत्त्याला एल्टर्नगेल्ड. हा भत्ता कॅलेंडरच्या महिन्यांनी मिळत नाही, तो बाळाच्या आयुष्याच्या महिन्यांनी मोजतात. या बाळाचा चौथा महिना 24 जानेवारी ते 23 फेब्रुवारी असा आहे. वडिलांची रजा नेमकी त्या तारखांना बसली तर भत्त्याचा महिना वाया जात नाही. रजेची लेखी सूचना मालकाला सात आठवडे आधी द्यावी लागते, म्हणजे इथे 6 डिसेंबरच्या आत. ब्लू कार्डावर राहणाऱ्यांनाही हा भत्ता मिळतो. एप्रिल 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी, जुळी-तिळी किंवा फार आधी जन्मलेली बाळे असे अपवाद सोडले तर, पहिल्या वर्षात आईवडिलांना एकत्र पूर्ण भत्ता एकाच महिन्यापुरता घेता येतो. म्हणून तो महिना पहिल्याच आठवड्यांत, आजी घरात असताना, संपवून टाकू नये. 90 दिवसांचा नियम माणसागणिक असतो. त्यामुळे दोन्हीकडच्या आज्या एकाच वेळी येण्यापेक्षा एकीमागून एक आल्या तर आधार जास्त काळ पुरतो.

आजी परत गेल्यावरही घड्याळ थोडे मदतीला येते. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो. म्युनिकमध्ये पहाटे दोन वाजता बाळ उठते तेव्हा पुण्यात साडेसहा वाजलेले असतात आणि आजी चहा ठेवत असते. त्या वेळी फोन सुरू करून ठेवला की पाजणारी आई एकटी राहत नाही. संध्याकाळी सहाला रडणे टिपेला पोचते तेव्हा मात्र तिकडे साडेदहा झालेले असतात. तेव्हा जवळचेच माणूस लागते. मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत, पण नुसत्या ग्रुपवर मदत मागितली की शुभेच्छाच येतात. ‘मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ बाळाला बाबागाडीत फिरवून आणाल का?’ असे एका घराला विचारले तर होकार मिळतो. जेवणाचा डबा आणि हे दोन तास, आठवड्यातून दोन घरांकडून, एवढ्याने फरक पडतो. वेलकम नावाची संस्थाही पहिल्या वर्षात घरी येणारे स्वयंसेवक अनेक जर्मन शहरांत पुरवते. शेजाऱ्यांच्या तक्रारीची भीती अनेकांना असते. जर्मनीत रात्री शांतता पाळण्याचे नियम कडक आहेत, पण तान्ह्या बाळाचे रडणे शेजाऱ्यांना सोसावेच लागते. जिन्यात एक चिठ्ठी लावून बाळ आल्याचे कळवले की बहुतेक शेजारी उलट दारावर भेट ठेवून जातात.

काही रात्री कशानेच बाळ शांत होत नाही. दूध, लंगोट, ताप, केस गुंडाळून सुजलेले बोट हे सगळे पाहून झालेले असते आणि उचलणाऱ्याच्या हातात राग उतरू लागतो. तान्ह्या बाळाला जोरात हलवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी त्याला पलंगात पाठीवर ठेवून दार ओढून घ्यावे, पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत पाणी प्यावे आणि मग परत जावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश किंवा अधिक ताप असेल, ते पीत नसेल किंवा रडणे एकदम वेगळे वाटत असेल तर त्याच रात्री डॉक्टर गाठावा. रोजच तासन्‌तास रडणाऱ्या बाळांसाठी अनेक जर्मन रुग्णालयांत खास बाह्यरुग्ण विभाग आहेत.

पहिल्या आठवडाभरात येणारे रडू आणि हळवेपणा बहुतेक बाळंतिणींना येतो आणि दोन आठवड्यांत जातो. तो त्यापुढे टिकला, किंवा बाळ शांत झोपलेले असताना, घरात दुसरे माणूस जागे असतानाही आईला झोप लागत नसेल, तर ते नुसते जागरण नव्हे. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची ही खूण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. हेबामेला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाला हे त्याच आठवड्यात सांगावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर वाट न पाहता 112 वर फोन करावा.