अनुभवपत्र आणि रिलिव्हिंग लेटर
अनुभवपत्रात कर्मचाऱ्याचे नाव, पद, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख आणि कामाचे स्वरूप असते. रिलिव्हिंग लेटरमध्ये राजीनामा स्वीकारल्याचे आणि कर्मचाऱ्याला ठरावीक तारखेपासून कार्यमुक्त केल्याचे नमूद असते. दोन्ही पत्रे कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्यावीत.

पत्रे राहून गेली असतील, तर जुन्या कंपनीच्या एचआर विभागाला ईमेल करावा. त्यात एम्प्लॉयी कोड, पद, दोन्ही तारखा लिहून राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल जोडावा. बहुधा लॅपटॉप परत न केल्याने किंवा नोटीस पिरियडची रक्कम थकल्याने पत्र अडते. म्हणून नेमके काय बाकी आहे, ते लेखी विचारावे. पत्र मिळताच तारखा पगारपत्रकाशी आणि पीएफच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात.