पुस्तकातली लंबुळकी कक्षा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइलवर तो निरोप फिरत येतो. उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी म्हणे अपसूर्य स्थिती सुरू होणार आणि ऑगस्टपर्यंत टिकणार. एरवी नऊ कोटी किलोमीटरवर असलेला सूर्य आता पंधरा कोटी वीस लाखांवर जाणार, त्यामुळे यंदा गारठा वाढेल, सर्दी-खोकला होईल, अंग दुखेल. सबब गरम पाणी प्या आणि हा निरोप पुढे पाठवा. वर्ष बदलतं, मजकूर तोच राहतो. आणि तो पाठवणाऱ्यांत दहावीला विज्ञानात नव्वद गुण मिळवलेली माणसंही असतात.

आधी आकडे पाहू. पृथ्वीचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर 14.96 कोटी किलोमीटर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते सर्वांत कमी, म्हणजे 14.71 कोटी असतं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, म्हणजे 15.21 कोटी. निरोपातला पंधरा कोटी वीस लाखांचा आकडा त्यामुळे बरोबर आहे. खोटा आहे तो 'एरवी'चा नऊ कोटींचा. नऊ कोटींवर पृथ्वी कधीच नसते. शुक्र सूर्यापासून 10.8 कोटी किलोमीटरवर फिरतो. निरोप खरा मानायचा तर आपण दरवर्षी शुक्राला ओलांडून सूर्याकडे जातो आणि परत येतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही!

हा निरोप खपतो, कारण तो एका जुन्या समजुतीवर बसलेला आहे: उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि हिवाळ्यात लांब. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. 1987 मध्ये 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाच्या माहितीपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा 23 जणांना ऋतू आणि चंद्रकला यांबद्दल विचारलं गेलं. त्यातल्या 21 जणांना धड उत्तर देता आलं नाही. ऋतूंबद्दल बहुतेकांनी अंतराचंच कारण सांगितलं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

माझा राग माणसांपेक्षा आकृतीवर जास्त आहे. मधोमध पिवळा सूर्य, भोवती चांगली लंबुळकी कक्षा, तिच्यावर चार पृथ्व्या आणि वाटलंच तर प्रत्येकीला एकेक चिमुकला चंद्र: हे चित्र आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलं आहे आणि बऱ्याच जणांनी परीक्षेत काढलंही आहे. ही कक्षा लंबुळकी दिसते, कारण ती तिरकस बाजूने पाहून काढलेली असते. वाटोळं ताटही तिरकस पाहिलं की तसंच दिसतं. पण तसं खाली लिहिलेलं नसतं. वर पुस्तकात शेजारीच 'पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे' हे वाक्य असतं, मग विद्यार्थी दोन्ही जोडतो आणि चुकीच्या निष्कर्षावर अगदी तर्कशुद्धपणे पोहोचतो.

लंबवर्तुळ किती लांबट आहे ते प्रत्यक्ष काढून बघा. कक्षेची लांबी 10 सेंटिमीटर घेतली, तर खऱ्या प्रमाणात तिची रुंदी फक्त 0.014 मिलिमीटरने कमी भरेल. पेन्सिलीची रेघ याहून कितीतरी जाड असते. म्हणजे कंपासने सरळ वर्तुळ काढलं तरी चालेल. फरक पडतो तो सूर्याच्या जागेत: तो केंद्रापासून सुमारे 0.8 मिलिमीटर बाजूला येतो. आपलं अंतर वर्षभरात 50 लाख किलोमीटरने कमीजास्त होतं ते एवढ्यामुळेच. त्याने जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन पृथ्वीला मिळतं. हो, जानेवारीत. आपण स्वेटर शोधत असतो तेव्हा.

आणि त्याच वेळी सिडनीत काय चाललेलं असतं, हे नववर्षाची कसोटी पाहणाऱ्यांना सांगायला नको. 7 जानेवारी 2018 ला सिडनीजवळच्या पेनरिथमध्ये पारा 47.3 अंशांवर गेला. त्याच दिवशी, सूर्यापासून त्याच अंतरावर असलेल्या महाराष्ट्रात थंडीचे दिवस होते. अंतराने ऋतू ठरत असते, तर दोन्हीकडे एकच ऋतू असायला हवा होता.

इथवर आलं की समोरचा म्हणतो, 'ते माहितेय हो, आस कललेला असतो, म्हणून कललेला भाग सूर्याच्या जवळ येतो.' ही त्याच समजुतीची सुधारित आवृत्ती, आणि मला ती जास्त त्रास देते, कारण तिच्यात अर्धं उत्तर बरोबर असतं. पृथ्वीचा अख्खा व्यास 12,742 किलोमीटर. कलण्याने एखादा भाग जवळ आला तरी काही हजार किलोमीटरच येणार. 50 लाख किलोमीटरच्या फरकाने जिथे ऋतू ठरत नाहीत, तिथे हे काही हजार काय करणार?

तिसरी आवृत्ती आकृतीतल्या चार पृथ्व्यांमधून येते: आस सहा महिने इकडे कलतो, सहा महिने तिकडे. तो तसा डोलत नाही. वर्षभर तो एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याच्या जवळच्या एका बिंदूकडे रोखलेला असतो. पुण्यातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो. मे असो की डिसेंबर, तो तिथेच असतो. तुमच्या पुस्तकातल्या चारही पृथ्व्यांचे आस एकमेकांना समांतर असले, तर निदान तेवढं चित्र बरोबर आहे.

मग कलण्याने नेमकं होतं काय? पुण्यात एका सपाट गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. मध्यान्ह, म्हणजे सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ, पुण्यात घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर येते. 21 डिसेंबरच्या आसपास या वेळी सूर्य दक्षिणेला 48 अंशांवर असतो आणि काठीची सावली 90 सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, तोच आपला शून्य सावली दिवस. 21 जूनला सूर्य डोक्यावरून पुढे सरकून उत्तरेला गेलेला असतो आणि साडेआठ सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेला पडते. जुलैच्या अखेरीस परतताना तो पुन्हा एकदा डोक्यावरून जातो.

तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं. 48 अंशांवरून येणारा एक मीटर रुंदीचा झोत जमिनीवर 1.35 मीटर लांब पसरतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला पाऊण हिस्साच येतो. त्यात पुण्यातला डिसेंबरचा दिवस 11 तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांचा. दिवसभराची बेरीज केली, तर वातावरणाच्या माथ्यावर डिसेंबरात जूनच्या साधारण दोन-तृतीयांश ऊन पोहोचतं. यात जानेवारीच्या सुमाराची ती जवळीकही धरलेली आहे. तिच्यामुळे तूट थोडी भरून निघते, एवढंच.

इथे चौकस विद्यार्थी बरोबर अडवतो: सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत जवळपास डोक्यावर, मग पुण्यात सगळ्यात कडक ऊन एप्रिल-मेमध्ये का? जूनमध्ये का नाही? याचं उत्तर त्या आकृतीत नाही, कारण ती चार ऋतूंच्या, समशीतोष्ण देशांसाठी रचलेली आहे. वातावरणाच्या माथ्यावर जून-जुलैतही भरपूर ऊन येतच असतं, पण जूनच्या सुरुवातीला मोसमी ढग येतात, बरंचसं ऊन वरच्यावर परतवतात आणि उरलेल्यातला मोठा वाटा ओल्या जमिनीतलं पाणी वाळवण्यात जातो. ढग आणणारे वारेही अखेर याच तापलेल्या भूभागाकडे ओढले जातात. तेव्हा जुलैतला गारवा पावसाचा आहे, अपसूर्याचा नव्हे. निरोप लिहिणाऱ्याने दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून खोटं कारण तयार केलं.

पृथ्वी जानेवारीत खरोखरच जवळ असते याचा पुरावा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. जवळ असताना ती जास्त वेगाने फिरते, हा केप्लरचा नियम. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत 186 दिवस मोजता येतात. तिथून पुन्हा मार्चपर्यंत 179. हिवाळ्याची बाजू आठवडाभराने आखूड आहे.

आता आकृतीतला चंद्र. 'पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राच्या कला होतात' हे वाक्य मी शिक्षकांच्याही तोंडून ऐकलं आहे. शुक्ल अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी बाहेर पडा: सूर्य पश्चिमेला टेकलेला, अर्धा चंद्र आकाशात उंच. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पूर्व क्षितिजाकडे असणार, चंद्रापासून 90 अंश दूर. ती त्याच्यावर पडणार कशी? चंद्राचा निम्मा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे, यावर कला ठरते. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? पुन्हा प्रमाणात आकृती काढा. पृथ्वी एक सेंटिमीटर घेतली, तर चंद्र पाव सेंटिमीटरहून थोडासा मोठा आणि 30 सेंटिमीटर दूर, म्हणजे वहीच्या पानाबाहेरच. तिथे पृथ्वीची दाट सावली जेमतेम पाऊण सेंटिमीटर रुंद उरते आणि चंद्राची कक्षा पाच अंश कललेली असल्याने तो सावलीच्या अडीच सेंटिमीटर वरून किंवा खालून निसटू शकतो. पुस्तकात मात्र चंद्र पृथ्वीला चिकटून काढतात, मग ग्रहण चुकणंच अशक्य वाटतं.

काही किरकोळ गोष्टी. चंद्र दिवसाही दिसतो. वद्य अष्टमीला सकाळी नऊला पश्चिमेकडे पाहा. अमावास्येला चंद्र उगवतोच, फक्त सूर्याबरोबर. चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारात नसते. अमावास्येला तिथे भर दुपार असते. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं मकरसंक्रांतीला सुरू होत नाही, ते 21-22 डिसेंबरलाच होतं.

आणि कोर नेहमी कंसासारखी उभी नसते. गुढीपाडव्यानंतरच्या एक-दोन संध्याकाळी पश्चिमेला पाहिलंत तर ती होडीसारखी आडवी दिसेल, कारण आपल्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य-चंद्राची वाट क्षितिजाला जवळपास काटकोनात असते आणि सूर्य कोरीच्या थेट खाली असतो. लंडनहून त्याच संध्याकाळी ती पुष्कळ कललेली दिसते.